‘सगळी जबाबदारी आमची’ असं पत्रात लिहू नका

*ताई, उद्यमबागेत आमचं मशीन शॉप आहे. आबांनी एका लेथवर सुरू केलं, आज आठ सीएनसी आहेत. हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या बॉड्या करतो आणि गेली तीन वर्षं जर्मनीतल्या एका छोट्या कंपनीला पाठवतो. आजवर सगळं मेलवर आणि व्हिडिओ कॉलवर निभावलं. आता त्या कंपनीचे मालक फेब्रुवारीत पाच दिवस येतो म्हणालेत, पुढच्या दोन वर्षांच्या ऑर्डरचं बोलायला. सोबत त्यांचा एक टेक्निशियन येणार, ते पाठवताहेत ते लीक टेस्टिंगचं बेंच बसवून चालू करून द्यायला. त्यांनी ‘इन्व्हिटेशन लेटर’ मागितलंय. ओळखीचे एजंट म्हणतात, कशाला भानगड, दोघांना टुरिस्ट व्हिसा काढायला सांगा, त्याला पत्रच लागत नाही. आबा म्हणतात, पत्र द्यायचं तर दणकट द्या, राहणं, खाणं, येणं-जाणं, सगळी जबाबदारी आमची असं लिहा, म्हणजे व्हिसा अडणार नाही. पाहुणा हॉटेलात नको, आपल्या घरीच उतरला पाहिजे, हेही त्यांचंच. पत्रात काही चुकलं आणि व्हिसा नाकारला, तर आम्ही कच्चे आहोत असं त्यांना वाटेल, ही माझी भीती. पत्रात नेमकं काय लिहू?*

*— उद्यमबागेतला एक वाचक*

पत्राच्या मजकुराकडं येतेच, पण त्याआधी एक कोरा कागद घ्या. त्यावर दोन्ही पाहुण्यांची नावं लिहा आणि प्रत्येकाच्या नावाखाली तो सोमवारपासून शुक्रवारपर्यंत तुमच्याकडं काय काय करणार ते साध्या शब्दांत उतरवा. बेळगावातल्या एका फाउंड्रीच्या एक्स्पोर्ट विभागात मी अठरा वर्षं कागदपत्रं सांभाळली. तिथं मी एकच गोष्ट पक्की शिकले: व्हिसा अधिकारी पत्रातला जोर बघत नाही, पाहुण्याचं काम बघतो. हा माणूस इथं येऊन काय करणार आणि त्यानं मागितलेल्या व्हिसात ते काम बसतं का, एवढाच त्याचा प्रश्न असतो.

मालकांच्या नावाखाली तुम्ही बहुतेक असं लिहाल: शॉप फ्लोअर बघणार, इन्स्पेक्शन रिपोर्ट तपासणार, नव्या ड्रॉइंगवर चर्चा करणार, कास्टिंग कुठून येतं ती फाउंड्री बघणार, दर आणि डिलिव्हरी ठरवणार. हे सगळं सरळ बिझनेस व्हिसाचं काम आहे. मालाचा दर्जा पाहणं, स्पेसिफिकेशन देणं, ऑर्डर देणं, पुढच्या पुरवठ्याची बोलणी करणं, यासाठी येणारा परदेशी खरेदीदार बिझनेस व्हिसावर येऊ शकतो, असं आपल्या गृह मंत्रालयाच्या नियमांत स्पष्ट आहे. जर्मन पासपोर्टला ई-बिझनेस व्हिसा घरबसल्या ऑनलाइन मिळतो. तो एक वर्ष चालतो आणि त्यावर कितीही वेळा येता येतं. म्हणजे ऑर्डर ठरली आणि मालकांना ऑगस्टमध्ये पुन्हा यावंसं वाटलं, तर नवं पत्र, नवा अर्ज, काही लागणार नाही.

तुमचे एजंट टुरिस्ट व्हिसा सुचवतात, कारण तो मिळणं सोपं आहे. मिळेलही. अडचण सुरू होते ती मिळाल्यानंतर. मुंबईच्या विमानतळावर इमिग्रेशनचा अधिकारी विचारणार, कशासाठी आलात? खरं बोलले तर व्हिसा चुकीचा ठरतो, आणि अधिकारी त्यांना तिथूनच परत पाठवू शकतो. खोटं बोलायचं म्हटलं तर बॅगेत ड्रॉइंग, व्हॉल्व्हचं सॅम्पल आणि कागदावर उद्यमबागेतल्या कारखान्याचा पत्ता. तीन वर्षं वेळेवर पैसे देणाऱ्या माणसाला आपण आपल्याच देशाच्या दारात खोटं बोलायला लावायचं का? तुम्हाला कच्चे दिसण्याची भीती वाटते ना, तर कच्चेपणा दिसतो तो असल्या सल्ल्यात. टुरिस्ट व्हिसा फिरायला, देवदर्शनाला, नातेवाईक-मित्रांना भेटायला असतो. त्यावर येऊन कारखान्यात दर ठरवणं बसत नाही.

आता टेक्निशियनचा कागद. त्याच्या नावाखाली तुम्ही ‘बेंच बसवून चालू करून देणार’ असं लिहिलं असेल, आणि तुमच्या सगळ्या पत्रात हेच एक वाक्य मला खटकलं. दोघांना मिळून एकच पत्र देऊ, दोन्ही नावं घालू, असं मनात असेल तर ते आधी काढून टाका. यंत्राच्या पुरवठ्याच्या करारात ते बसवून, चालू करून देण्यासाठी येणं हे चर्चेला येण्याहून वेगळं काम मानलं जातं. वर्षानुवर्षं त्याला एम्प्लॉयमेंट व्हिसा लागायचा. 2025च्या नोव्हेंबरअखेर सरकारनं ते काम बिझनेस व्हिसाच्या एका नव्या उपप्रकाराखाली आणलं. त्याचं नाव ई-बी-4. त्यासाठी लेटरहेडवरचं साधं आमंत्रण पुरत नाही. बोलावणाऱ्या भारतीय कंपनीनं nsws.gov.in या राष्ट्रीय एक खिडकी प्रणालीवर नोंदणी करून तिथून प्रायोजकत्वाचं पत्र काढायचं आणि त्याचा क्रमांक पाहुण्यानं व्हिसाच्या अर्जात भरायचा. आठ मशीनच्या कारखान्याला हे अशक्य नाही, पण एका आठवड्याचं कामही नाही.

माझ्या मते तुमच्यापुढं दोन सरळ वाटा आहेत. एक म्हणजे टेक्निशियनची भेट मालकांच्या भेटीपासून तोडायची. मालक फेब्रुवारीत येऊन जातील. बेंच बंदरातून सुटून तुमच्या शेडमध्ये पोचलं, पाया आणि एअर लाइन तयार झाली, की मग टेक्निशियन योग्य व्हिसावर येईल. तसंही मालकांच्या पाच दिवसांत बेंच कस्टममध्ये अडकून पडलेलं आणि टेक्निशियन हात बांधून बसलेला, हे दृश्य मी पाहिलेलं आहे. दुसरी वाट, बेंच तुमच्याच फिटरनं बसवायचं आणि टेक्निशियननं जर्मनीतून व्हिडिओ कॉलवर एकेक पायरी सांगायची. लीक टेस्टिंगचं बेंच म्हणजे क्लॅम्पिंग, हवेचा दाब, प्रेशर सेन्सर आणि डिस्प्ले. उद्यमबागेतला चांगला फिटर ते बसवू शकतो, फक्त कॅलिब्रेशन कसं तपासायचं ते त्यांच्याकडून लेखी मागून घ्या. मला विचाराल तर मी दुसरी वाट आधी चाचपेन. ती जमली नाही तर पहिली.

तिसरी वाट कुणी ना कुणी सुचवेलच: टेक्निशियनलाही ‘चर्चेसाठी’ म्हणून बोलवा, आला की बसवेल हळूच. ती धरू नका. पत्रावर सही तुमची असते. पाना कुणी हातात धरला होता हे पुढं विचारलं गेलं, तर उत्तरही तुम्हालाच द्यावं लागेल.

मालकांच्या पत्राकडं येऊ. पत्र कंपनीच्या लेटरहेडवर, इंग्रजीत, एका पानात बसलं पाहिजे. प्रत्येक वाक्य तिथं का आहे ते कळावं म्हणून मजकूर मी मराठीत सांगते.

वर तारीख आणि तुमचा जावक क्रमांक. पत्र भारत सरकारच्या व्हिसा अधिकाऱ्यांना उद्देशून. पहिल्या परिच्छेदात तुम्ही कोण: कंपनीचं नोंदणीकृत नाव, उद्यमबागेतला पत्ता पिनकोडसह, काय बनवता, जीएसटी क्रमांक आणि आयईसी म्हणजे आयात-निर्यात कोड. इथं थांबून एक तपासा. आयईसी दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये डीजीएफटीच्या पोर्टलवर अद्ययावत करावा लागतो. नाही केला तर तो निष्क्रिय होतो. निर्यात चालू आहे म्हणजे तुमचा चालूच असणार, पण पत्रात घालण्याआधी एकदा पोर्टलवर बघून घ्या.

दुसऱ्या परिच्छेदात पाहुणा कोण: पासपोर्टवरचं पूर्ण नाव, जन्मतारीख, राष्ट्रीयत्व, पासपोर्ट क्रमांक आणि त्याची मुदत, कंपनीतलं पद, कंपनीचं नाव आणि पत्ता. हे मेलच्या खालच्या सहीवरून उतरवू नका. पासपोर्टच्या फोटोच्या पानाची प्रत मागवा आणि त्यातून अक्षर न् अक्षर घ्या. जर्मन नावांत एक खास खोच आहे. समजा आडनाव म्युलर आहे, तर पासपोर्टवर ते डोक्यावर दोन टिंबं असलेल्या यू अक्षरानं छापलेलं असतं, पण त्याच पानाच्या तळाशी यंत्रानं वाचायच्या दोन ओळी असतात, तिथं तेच आडनाव MUELLER असं उतरतं. अर्जात ते याच रूपात भरावं लागेल, म्हणून पत्रातही तेच रूप हवं. मालक मेलमध्ये स्वतःचं नाव कसं लिहितात याला इथं महत्त्व नाही. प्रत हातात आली की पासपोर्टची मुदतही बघा. भारतात पोचण्याच्या दिवसापासून किमान सहा महिने शिल्लक हवेत आणि दोन कोरी पानं हवीत.

तिसरा परिच्छेद संबंधाचा आणि कामाचा. हाच पत्राचा जीव. ‘व्यावसायिक चर्चेसाठी’ एवढंच लिहिणारी पत्रं मी शेकड्यानं पाहिली आहेत. ती चुकीची नसतात, पण वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर काही उभं करत नाहीत. तुम्ही असं लिहा: ‘आमची कंपनी अमुक वर्षापासून या कंपनीला हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या बॉड्या निर्यात करते. श्री. अमुक हे तिचे मालक असून ते 9 ते 13 फेब्रुवारी या काळात आमच्या उद्यमबाग येथील कारखान्याची पाहणी, तयार मालाच्या दर्जाची तपासणी, नव्या भागांच्या ड्रॉइंगवर तांत्रिक चर्चा आणि पुढील दोन वर्षांच्या पुरवठ्याची बोलणी यासाठी येत आहेत. याच काळात ते आम्हाला कास्टिंग पुरवणाऱ्या फाउंड्रीलाही भेट देतील.’ कोऱ्या कागदावर जे उतरवलं होतं तेच इथं आलं, बघा. विमानतळावर कुणी विचारलं तर मालकही हेच सांगतील, कारण ते खरं आहे.

तारखा लिहिताना लोक फार घाबरतात, की विमान दोन दिवस पुढं गेलं तर पत्र फुकट जाईल. जात नाही. व्हिसा वर्षभराचा असतो, तारखा फक्त हेतू ठरलेला आहे हे दाखवतात.

चौथ्या परिच्छेदात राहणं, खर्च आणि संपर्क. इथंच आबांचं ‘सगळी जबाबदारी आमची’ येतं. आबांची भावना मला कळते. पाहुणा दारात आला की तो आपला, हे आपल्याकडं कुणाला सांगावं लागत नाही. पण सरकारी कागदावर ‘जबाबदारी’ हा शब्द लिहिला की त्याचा अर्थ चहापाण्यापुरता राहत नाही. पाहुणा मुदतीपेक्षा जास्त राहिला, दुसऱ्याच गावी काही काम करत बसला, आजारी पडला, तर त्याची हमी तुम्ही सहीशिक्क्यानिशी घेतलेली असते. ई-बिझनेस व्हिसाच्या अर्जाला अशी हमी कुणी मागत नाही. न मागता दिली म्हणून अर्जाचं वजनही वाढत नाही. जे खरं आहे तेवढंच लिहा. विमानाचं तिकीट त्यांचं, त्यांच्या कंपनीचा खर्च. बेळगावातला प्रवास आणि राहण्याची सोय तुमची. असं ठरलं असेल तर तसं एका वाक्यात. आणि ठरलं नसेल तर आधी मेलवर ठरवून घ्या, कारण पत्रात तुम्ही खर्च तुमच्याकडं घेतलात आणि मालकांनी अर्ज भरताना कंपनीचा खर्च लिहिला, तर दोन कागद दोन गोष्टी सांगतात.

संपर्कासाठी मोबाइल नंबर द्या, आणि तो अशा माणसाचा द्या ज्याला ही भेट तोंडपाठ आहे. मी नोकरीत असताना एकदा पत्रावर ऑफिसचा लँडलाइन नंबर गेला. पाहुणा शनिवारी रात्री विमानतळावर उतरला, काउंटरवर अधिकाऱ्याला शंका आली, त्यानं फोन लावला आणि बंद ऑफिसात घंटी वाजत राहिली. शेवटी त्या पाहुण्यानं स्वतःच्या मोबाइलवरची आमची जुनी मेल उघडून दाखवली तेव्हा सुटका झाली. पाऊण तास एक साठीचा माणूस उभा होता. ते पत्र मीच तयार केलं होतं आणि तो पाऊण तास मी अजून विसरलेले नाही. तुमच्या पत्रावर तुमचा स्वतःचा नंबर असू द्या आणि विमान उतरायच्या वेळी फोन चार्ज करून जवळ ठेवा.

खाली सही, सही करणाऱ्याचं नाव, पद आणि कंपनीचा शिक्का. पत्र स्कॅन करून पीडीएफ करा. अर्जाच्या साइटवर पीडीएफ 300 केबीच्या आत लागते, आणि मोबाइलवर काढलेला फोटो सहज तीन-चार एमबीचा होतो. जर्मनीत रात्री अर्ज भरत बसलेल्या माणसाची फाइल चढत नाही, आणि तो तुम्हाला मेल करून वाट बघत बसतो. स्कॅनरवर ग्रेस्केलमध्ये काढलं की काम होतं. शिक्का आणि सही स्पष्ट वाचता येते का, ते स्क्रीनवर मोठं करून पाहून घ्या.

आता खास आपल्या भागाची गोष्ट, जी पुण्या-मुंबईचे सल्लागार सांगत नाहीत. आपण बोलताना बेळगावच म्हणणार, पण 1 नोव्हेंबर 2014 पासून सरकारी कागदावर शहराचं नाव बदललं. तुमच्या आबांच्या काळातल्या लेटरहेडवर Belgaum असेल, जीएसटीच्या नोंदणीत Belagavi असेल, वेबसाइटवर आणखी तिसरंच. त्यात उद्यमबागेचं स्पेलिंग कुणी एक एच जास्त घालून करतं. मालक अर्ज भरताना भारतीय कंपनीचं नाव, पत्ता, फोन भरणार. तो पत्ता ते तुमच्या इन्व्हॉइसवरून उतरवतील, आणि पत्रावर दुसरं असेल तर पाहणाऱ्याला दोन वेगळी गावं वाटू शकतात. यावर उपाय सोपा आहे. जीएसटी प्रमाणपत्रावर पत्ता जसा आहे तसाच्या तसा पत्रात घ्या, आणि पत्राच्या मेलमध्ये मालकांना एक छोटा परिच्छेद पाठवा: ‘अर्जात आमचं नाव आणि पत्ता असा भरा’, म्हणजे ते तिथून कॉपी करतील. निपाणी, खानापूर, अथणीच्या वाचकांनीही हे करावं. अथणीहून चपला किंवा खानापूरहून काजू पाठवणाऱ्यांचे कागद तर कधी तालुक्याच्या नावानं असतात, कधी जिल्ह्याच्या.

त्याच मेलमध्ये आणखी तीन गोष्टी घाला. पहिली, अर्ज फक्त indianvisaonline.gov.in या साइटवर भरायचा. नावात ‘इंडिया’ आणि ‘व्हिसा’ असलेल्या खासगी साइट ढिगानं आहेत, त्या दामदुप्पट पैसे घेतात आणि पासपोर्टची प्रतही ठेवून घेतात. पत्त्याच्या शेवटी gov.in दिसलं पाहिजे. दुसरी, अर्जासोबत पत्राशिवाय त्यांचं बिझनेस कार्ड, पासपोर्टचं पान आणि फोटो लागेल. तिसरी, वेळ. ई-बिझनेस व्हिसाचा अर्ज पोचण्याच्या तारखेआधी 120 दिवसांपासून चार दिवसांपर्यंत भरता येतो. 9 फेब्रुवारीला यायचं तर ऑक्टोबरच्या मध्यापासून दार उघडं आहे. चौथ्या दिवसाची वाट कुणी बघू नये. महिनाभर आधी भरला तर एखादा कागद पुन्हा मागितला तरी सावकाश देता येतो. मंजुरी मेलवर येते, तिची छापील प्रत त्यांनी बॅगेत नाही, हातात ठेवायची.

अर्जात पोचण्याचं विमानतळ निवडावं लागतं. तिथं मालक बेळगाव शोधत बसतील. सांबऱ्याला परदेशी विमानं उतरत नाहीत, त्यामुळं ते यादीत नाही. मुंबई, बेंगळुरू किंवा गोवा यांपैकी एक निवडायचं आणि इमिग्रेशन तिथंच होईल. पुढं मुंबईहून किंवा बेंगळुरूहून देशांतर्गत विमानानं सांबरा. गोव्याहून चोर्ला घाटातून गाडीनं येता येतं. साठीच्या, लांबच्या प्रवासानं थकलेल्या माणसाला मी रात्री घाटात घालणार नाही, पण फेब्रुवारीत, दिवसाउजेडी तो रस्ता चांगला आहे.

इतर वाचकांसाठी एक सांगते. व्हिसा कुठल्या प्रकारे मिळेल ते पासपोर्टवर ठरतं, माणूस कुठं राहतो यावर नाही. दुबईत बसलेल्या तुमच्या खरेदीदाराचा पासपोर्ट कुठल्याही देशाचा असू शकतो. पासपोर्ट पाकिस्तानचा असेल किंवा मूळ पाकिस्तानी असेल, तर ई-व्हिसाचं दार बंद असतं. त्यांना तिथल्या भारतीय दूतावासात रीतसर अर्ज करावा लागतो, आणि त्याला महिने लागू शकतात. म्हणून ‘या’ म्हणण्याआधी पासपोर्टची प्रत मागा. हे विचारणं कुणाला उद्धटपणाचं वाटत नाही, परदेशात फिरणाऱ्या माणसाला त्याची सवय असते.

राहिलं घरी उतरवण्याचं. आबांना नाही म्हणू नका, पण त्यांना नियम सांगा. परदेशी पाहुणा कुठंही मुक्कामाला राहिला, की तो आल्यापासून 24 तासांच्या आत त्याची माहिती परदेशी नागरिकांच्या नोंदणी अधिकाऱ्याकडं ऑनलाइन द्यावी लागते. याला सगळे सी-फॉर्म म्हणतात. हॉटेलवाले तो भरतातच, म्हणून आपल्याला त्याची जाणीव नसते. पाहुणा घरी राहिला तर तेच काम घरमालकाचं होतं. त्यासाठी indianfrro.gov.in वर तुमच्या घराची नोंद करून लॉगिन घ्यावं लागतं, आणि त्याला स्थानिक अधिकाऱ्याची मंजुरी लागते. पाहुणा दारात आल्यावर हे सुरू केलं तर 24 तास कधी संपले ते कळणार नाही. घर शहरात असेल तर पोलीस आयुक्तालयात, खानापूर किंवा निपाणीकडं असेल तर जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयात महिनाभर आधी जाऊन विचारा आणि लॉगिन हातात ठेवा. पाच दिवसांच्या मुक्कामाला पाहुण्याला स्वतःला कसलीही नोंदणी करावी लागत नाही, ती 180 दिवसांपेक्षा जास्त राहणाऱ्यांना असते.

माझा कल मात्र असा: मुक्काम हॉटेलात ठेवा आणि रात्रीचं जेवण घरी. पाच दिवस परक्या घरात, परक्या भाषेत राहणाऱ्या माणसाला संध्याकाळी दार लावून आपल्या बायको-मुलांशी बोलायला एक खोली हवी असते. आबांना हे मालकांनाच विचारू द्या, ‘घरी राहाल की हॉटेलात?’ असं मोकळेपणानं. जे उत्तर येईल ते पत्रातल्या मुक्कामाच्या ओळीत जाईल.

फेब्रुवारी निवडलात हे बरं झालं. 1 नोव्हेंबरच्या आसपास पाहुणा बोलावू नये. एकीकडं राज्योत्सव आणि दुसरीकडं काळा दिवस, त्यात कोगनोळीच्या नाक्यावर गाड्या कधी थांबतील ते सांगता येत नाही. डिसेंबरात सुवर्ण विधानसौधात अधिवेशन बसतं तेव्हा शहरातली बरी हॉटेलं आमदार-अधिकाऱ्यांनी भरलेली असतात. गावात फिरवताना कॅम्पातल्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या परिसरात आणि सांबऱ्याला हवाई दलाच्या भिंतीजवळ कॅमेरा बंद ठेवायला सांगा. किल्ला, कमल बस्ती पोटभर दाखवा.

आज संध्याकाळी मालकांना मेल टाका: पासपोर्टच्या पानाची प्रत, खर्च कोण काय करणार, मुक्काम कुठं हवा. आणि टेक्निशियनच्या भेटीबद्दल वेगळी मेल, मालकांच्या मेलच्या पोटात नाही. त्यात स्पष्ट लिहा की बेंच बसवण्यासाठी येण्याला भारतात वेगळा व्हिसा लागतो, म्हणून तुम्ही आधी व्हिडिओ कॉलवर बसवता येईल का ते तपासता आहात, आणि त्यासाठी बेंचचं इन्स्टॉलेशन ड्रॉइंग आणि हवेच्या दाबाची गरज कळवावी. त्यांचं उत्तर आलं की तुमच्या फिटरला समोर बसवून ते ड्रॉइंग वाचा.